आधी कोपरे की आधी कपाट?

*"आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे. नुकतंच रांगायला लागलंय आणि हाताला येईल ते धरून उभं राहू बघतंय. हॉलमधल्या टीपॉयचे, शोकेसचे, खिडकीच्या कट्ट्याचे सगळे कोपरे मी फोमने मढवले, तर ते फोम उपटून तोंडात घालतं. बायको म्हणते, हॉल रिकामाच करू. आई म्हणते, 'पडल्या-झडल्याशिवाय मूल मोठं होतं का?' घर भाड्याचं, भिंतीला भोकं पाडायला मनाई. टीव्ही चार ड्रॉवरच्या कपाटावर आहे, मागे वायरी लोंबतात. तसं हॉलमध्ये कोणी ना कोणी सतत असतंच. मग एवढं सगळं करायची खरंच गरज आहे का? आणि असेल तर अजून कुठे कुठे फोम लावू?" — एक बाबा*

तुमच्या पत्रात फोमवर बरंच काही आहे आणि टीव्हीखालच्या कपाटावर अर्धं वाक्य. मला उलटं प्रमाण आवडलं असतं.

तुमच्या आईंचं म्हणणं कोपऱ्यांपुरतं बऱ्यापैकी खरं आहे. उभं राहायला शिकणारं मूल दिवसभर बुडावर आपटतं, कधी कपाळ टीपॉयला लागतं, टेंगूळ येतं, कडेवर घेतलं की रडं थांबतं. क्वचित खोक पडते, टाके घालावे लागतात. वाईट वाटतं, पण मूल त्यातून सावरतं. कपाट अंगावर आलं किंवा पडद्याची दोरी गळ्यात अडकली, तर मात्र 'पडून शिकण्याचा' प्रश्नच उरत नाही. म्हणून हॉलमधल्या प्रत्येक वस्तूकडे बघून एकच प्रश्न विचारा: इथे काही बिनसलं, तर बाळाला दुसरी संधी आहे का? ज्या वस्तूंचं उत्तर 'नाही' येईल, त्यांची व्यवस्था आधी लावायची. फोमचा नंबर त्यानंतर.

'कोणी ना कोणी सतत असतंच' हे वाक्य जवळपास प्रत्येक पालक लिहितो आणि ते खोटंही नसतं. पण लक्ष ठेवण्याचा उपयोग सावकाश घडणाऱ्या गोष्टींना होतो. बाळ दाराकडे निघालं, तुम्ही उठून उचलून आणलंत. कपाट कलायला लागल्यापासून जमिनीवर येईपर्यंत एखादा सेकंद जातो, आणि तुम्ही सोफ्यावर असाल तर तेवढ्यात जेमतेम उभे राहाल. गळ्याला दोरी आवळली तर आवाजही होत नाही; त्याच खोलीत मोबाइल बघत बसलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही. लक्ष ठेवायचंच, पण खोली अशी लावायची की तुमच्या चपळाईवर काही अवलंबून राहू नये.

आता ते कपाट. त्याचा थोडा हिशोब मांडते, कारण 'आमचं कपाट चांगलं जड आहे, हलत नाही' हा समज त्यानेच सुटतो. तुमच्या कपाटाची मापं मला माहीत नाहीत, म्हणून साधारण असं धरू: खोली ४० सेंटिमीटर, सांगाडा २० किलो, चार ड्रॉवर, प्रत्येक सामानासकट ५ किलोचा. एकूण ४० किलो. पाय पुढच्या कडेपासून ५ सेंटिमीटर आत, जसे हल्ली पुष्कळ कपाटांना दिसायला बरे म्हणून असतात. वरचा टीव्ही क्षणभर बाजूला ठेवू. कपाट पुढे पडलं तर पुढच्या पायांवर कलून पडणार, म्हणून सगळी अंतरं त्या पायांपासून मोजायची. वजन गुणिले अंतर, एवढंच गणित.

सगळे ड्रॉवर बंद असताना कपाटाचा भार पायांच्या १५ सेंटिमीटर मागे असतो. ४० गुणिले १५, म्हणजे ६०० इतका जोर ते मागे धरून ठेवतो. आता दोन ड्रॉवर ३० सेंटिमीटर बाहेर ओढले. मागे उरले ३० किलो, म्हणजे जोर झाला ४५०. बाहेर आलेल्या दोन ड्रॉवरचे १० किलो आता पायांच्या १५ सेंटिमीटर पुढे आहेत आणि ते १५० इतके पुढे ओढतात. बाळाने उघड्या ड्रॉवरच्या कडेवर, म्हणजे पायांच्या ३५ सेंटिमीटर पुढे, सगळा भार टाकला, तर ८ किलोच्या बाळाचे २८० होतात. पुढची बेरीज ४३०, मागे ४५०. थोडक्यात निभावलं. हेच बाळ १० किलोचं झालं की त्याचे ३५०, पुढची बेरीज ५००, आणि कपाट खाली. तेच कपाट, तेच सामान, तीच सवय. बाळाचं वजन फक्त दोन किलोंनी वाढलं.

बाळ सगळा भार टाकेलच असं नाही. पण उभं राहताना ते वस्तू नुसती खाली दाबत नाही, स्वतःकडे ओढतंही, आणि ही आडवी ओढ जितक्या उंचावर लागेल तितकी ती कपाट जास्त कलवते. पुढचे पाय जाड गालिच्यावर असतील तर ते थोडे रुततात आणि कपाट आधीपासूनच पुढे झुकलेलं असतं. आणखी एक चूक अगदी प्रेमापोटी होते: बाळ उपसतं म्हणून खालचे ड्रॉवर रिकामे करून सगळं सामान वरच्यांत कोंबतात. मग कपाटाचा भार वर जातो, आणि एकदा कललं की ते सावरत नाही. जड सामान तळातच ठेवा आणि ड्रॉवरना बाळाला न उघडणारी कडी लावा. त्या कडीवर भिस्त मात्र ठेवू नका. मोठी माणसं ती लावायला विसरतात.

राहिला टीव्ही. मागे सरकवलेला असेल तोवर तो कपाटाला मागे धरूनच ठेवतो, हे खरं. पण आजचे टीव्ही उंच, सपाट आणि दोन बारीक पायांवर उभे असतात. कपाट जरासं कललं की टीव्ही आधी निघतो, आणि तोही ड्रॉवर धरून उभ्या असलेल्या बाळाच्या डोक्याच्या रेषेत. वर रिमोट किंवा खेळणं ठेवलेलं असेल तर बाळाला तिथे हात पोचवायचं निमित्तच मिळतं. ड्रॉवरच्या कपाटावर टीव्ही नको, ही माझी बाकी सगळ्या सूचनांच्या आधीची सूचना.

योग्य बंदोबस्त म्हणजे कपाट भिंतीला बांधणं. पट्टा विणलेला किंवा धातूची पट्टी असलेला घ्या. नुसत्या प्लॅस्टिकच्या दातेरी पट्ट्या काही काळाने ठिसूळ होतात आणि तुटल्याचं कळतही नाही. कपाटाच्या बाजूने स्क्रू वरच्या लाकडी चौकटीत गेला पाहिजे. मागची पातळ प्लाय किंवा हार्डबोर्ड चार खिळ्यांवर टांगलेला असतो. त्यात मारलेला स्क्रू म्हणजे नुसता देखावा. भिंतीच्या बाजूने भोक गिलावा ओलांडून विटेत किंवा काँक्रीटमध्ये शिरायला हवं, त्यात गट्टी पूर्ण बसायला हवी आणि मग स्क्रू. ड्रिल करताना आधी येणारा पांढरा किंवा करडा भुगा पुट्टीचा आणि गिलाव्याचा असू शकतो. लाल यायला लागला की विटेत शिरलात; नुसत्या करड्या रंगावर भरवसा ठेवू नका. स्क्रू निदान ५० मिलिमीटरचा घ्या, म्हणजे गिलाव्याची जाडी वजा जाऊन पुरेशी पकड उरते. भिंत जिप्समची असेल तर आतली उभी पट्टी शोधून तिच्यातच स्क्रू मारा. नुसत्या बोर्डातली गट्टी झटक्याने उपटून येते. आणि कुठेही ड्रिल लावण्याआधी आतून वीजवाहिनी गेलेली नाही ना, ते पाहा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक नकोच.

असे दोन पट्टे, कपाटाच्या दोन्ही टोकांना, ताणून. सैल पट्टा कपाटाला आधी वेग घेऊ देतो आणि मग एकदम झटका खातो. बांधून झालं की वरून टीव्ही काढा, सगळे ड्रॉवर बंद करा आणि वरची कड धरून दमदार ओढून बघा. दुसऱ्या माणसाने समोरून हात लावून उभं राहायचं. भिंत आणि कपाट यांतली फट वाढता कामा नये. गट्टी फिरली, भुगा गळला, तर ते भोक निकामी समजून दुसरं पाडा. टीव्ही ठेवणारच असाल तर त्याच्या मागे भिंतीवर टांगायच्या स्टँडसाठी चार आटे असलेली भोकं असतात. त्यांतून पट्टा घेऊन तोही भिंतीलाच बांधा. न बांधलेल्या कपाटाला टीव्ही बांधला तर दोन्ही एकत्र येतात, एवढाच फरक.

तुम्ही म्हणाल, घरमालक. आधी हे सांगा की तुम्ही नेमकं विचारलंय का, की करारातलं वाक्य वाचून थांबलात? 'भिंतीला भोकं पाडू का?' याला नकारच येतो. 'बाळ रांगतंय, कपाट भिंतीला बांधायचंय, पट्ट्यांसाठी कपाटामागे चार भोकं लागतील, घर सोडताना पुट्टी भरून रंग लावून देईन' याला बहुतेक वेळा होकार येतो, आणि तो लेखी घेता येतो.

तरीही नकारच आला, तर चिकटपट्टीवर जाणाऱ्या पट्ट्यांच्या नादी लागू नका. त्या भिंतीला धरत नाहीत, रंगाला धरतात. मग कपाट घरातून हलवायचं. घरातल्या घरात नाही, घरातून. खूप जण ते उचलून झोपायच्या खोलीत नेतात, आणि तिथे तर बाळ झोपेतून उठून एकटंच असतं. नातेवाइकांकडे ठेवा, विका, काहीही करा, आणि टीव्ही बुटक्या, रुंद, बिनड्रॉवरच्या बैठ्या स्टँडवर भिंतीलगत मागे सरकवून ठेवा. तोही बाळाला ओढता येईलच, म्हणून स्टँडचं तळ टीव्हीच्या पायांपेक्षा बरंच रुंद असावं आणि टीव्हीचा पट्टा स्टँडच्या मागच्या जड चौकटीला बांधावा. भिंतीइतकं भक्कम ते होत नाही, पण पुढे येणाऱ्या ड्रॉवरवाल्या उंच कपाटापेक्षा कितीतरी बरं. मूल चढायला लागलं की हा प्रश्न पुन्हा समोर येईल, हे घरमालकाशी दुसऱ्यांदा बोलताना सांगा.

याच कसोटीवर उंच शोकेस, पुस्तकांचा रॅक, उभा दिवा आणि कपडे वाळत घालायचा स्टँडही तपासा. उभा दिवा आणि स्टँड तर सरळ दुसरीकडे न्या. त्यांना बांधण्यात अर्थ नाही. बायकोचा 'हॉल रिकामा करू' हा विचार इथे कामाचा आहे, पण सगळंच काढू नका. बाळाला उभं राहायला काहीतरी घट्ट हवंच असतं, आणि बुटका जड सोफा त्याला सर्वांत योग्य. तो ठेवा, डुगडुगणारं काढा.

वायरींचे तीन वेगवेगळे धोके आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. पहिला, ओढण्याचा. टीव्ही, स्पीकर, टेबलावरचा दिवा यांची लोंबती वायर म्हणजे वरची वस्तू खाली आणायची दोरीच. वायर वस्तूच्या मागून भिंतीलगत सरळ खाली उतरवा आणि प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टीत बसवा. जास्तीची लांबी वेल्क्रोने सैल बांधून वर अडकवा. घट्ट वेटोळं करू नका. जास्त वीज खेचणाऱ्या उपकरणाची वायर वेटोळ्यात तापते. वायर गालिच्याखालून नेऊ नये, तेही याच कारणाने, आणि पायाखाली तिचं वरचं आवरण झिजतं तेही दिसत नाही.

दुसरा धोका गळ्याचा. यात सर्वांत वाईट पडद्याच्या किंवा ब्लाइंडच्या गोल फासासारख्या दोऱ्या. टोकाशी वळसा असेल तर तो सुटा करता येतो का पाहा. येत नसेल तर दोरी ताणून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर भिंतीतल्या किंवा खिडकीच्या चौकटीतल्या हुकाला गुंडाळा. पाळणा, सोफा, बाळाची चटई त्या खिडकीपासून लांब. इअरफोन, कॅमेऱ्याचा पट्टा, चार्जरची लांब वायर हेही याच यादीत.

तिसरा धोका तोंडाचा. या वयात बाळ सगळं चावून बघतं. चालू वायर चावली, किंवा एक्स्टेंशन बोर्डमध्ये अर्धवट घुसलेल्या पिनेला ओली जीभ लागली, तर ओठांच्या कोपऱ्याला भाजतं. ते दिसायला अगदी लहान, पांढरट-करडं असतं आणि बाळ थोड्या वेळाने रडायचंही थांबतं. म्हणून लोक मलम लावून सोडून देतात. पण ते भाजणं आत खोल गेलेलं असू शकतं, आणि खपली निघताना, एक-दोन आठवड्यांनी, ओठातली रक्तवाहिनी फुटून अचानक खूप रक्त येऊ शकतं. तोंडाला विजेने भाजलं तर डाग केवढा का असेना, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको. कपाटामागे बाळाच्या हाताच्या वर बसवा, पण कापडाने किंवा बंद डब्यात झाकू नका, तो तापतो. चार्जर वापरून झाला की भिंतीतून काढा. नुसता मोबाइल काढला आणि वायर जमिनीवर राहिली, तर ती बाळाच्या तोंडात जाते.

आणि एकदा मुख्य बोर्डात बघा: ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का? नुसता एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. आरसीसीबीवर चाचणीचं बटण असतं. ते दाबल्यावर वीज गेली पाहिजे. गेली नाही तर तो नावापुरताच आहे. भाड्याच्या घरात तो घरमालकाकडे मागायची गोष्ट आहे, आणि कपाटाच्या भोकांसोबत त्याच पत्रात मागता येते.

आता फोम. उपटलेला फोम बाळाच्या तोंडात जात असेल, तर तुम्ही टेंगूळ टाळून घशात अडकायची वस्तू तयार केली आहे. तुकडा तोडता येणारा मऊ फोम असेल तर सगळा काढून टाका. टीपॉयच्या बाबतीत खरा उपाय सोपा: काही महिने तो हॉलमधून उचला. बाळाचं कपाळ, टीपॉयची कड आणि त्यावरचा गरम चहाचा कप, हे तिन्ही एकाच उंचीवर असतात. टेबलक्लॉथ असेल तर कप बाळाच्या हातातच आला म्हणून समजा.

खिडकीचा कट्टा उचलता येत नाही. तिथे आणि शोकेसच्या बुटक्या कोपऱ्यांना घट्ट रबराची किंवा सिलिकॉनची कोपरपट्टी लावा, पूर्ण कडेवर बसणारी, नुसती टोपी नको. ती निघते याचं कारण बहुतेक वेळा गोंद नसतो, पृष्ठभाग असतो. पॉलिशवर तेलकट थर असतो. स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, पट्टी अर्धा मिनिट दाबून धरा आणि एक दिवस बाळाला तिथे जाऊ देऊ नका. नंतर रोज झाडताना कडेखाली नख घालून बघा. सुटायला लागली असेल तर लगेच काढा; अर्धी सुटलेली पट्टी ही बाळाला सर्वांत आवडणारी पट्टी. उंच शोकेसच्या वरच्या कोपऱ्यांना काही लावू नका, बाळाचं डोकं तिथे पोचत नाही.

डोक्याला मार लागल्यावर टेंगूळ किती मोठं याकडे फारसं बघू नका. बाळ क्षणभर जरी शुद्ध हरपलं, पुन्हा पुन्हा उलटी झाली, नेहमीपेक्षा सुस्त वाटलं, उठवायला त्रास झाला किंवा झटका आला, तर थांबू नका, दवाखाना गाठा. कपाट किंवा टीव्ही अंगावर पडला असेल, तर बाळ वरून ठीक दिसलं तरी जा.

क्रम विचाराल तर आजच टीव्ही कपाटावरून उतरवा आणि पडद्याच्या दोऱ्या वर बांधा, याला ना ड्रिल लागतं ना परवानगी. मग घरमालकाला पत्र. वायरींचं काम पुढच्या सुटीच्या दिवशी, बाळ झोपलेलं असताना. कोपऱ्यांची पट्टी सगळ्यात शेवटी. आणि परवानगी मिळून ड्रिल मारायला माणूस येईल, त्या दिवशी बाळाला आजीसोबत बाहेर पाठवा. काम सुरू करताना किती स्क्रू आणि गट्ट्या काढल्या ते मोजून ठेवायला सांगा, आणि संपल्यावर उरलेले पुन्हा मोजा. एक कमी भरला तर तो सापडेपर्यंत बाळाला जमिनीवर सोडू नका. सोफ्याखाली टॉर्च मारा, कपाटामागे चुंबक फिरवा, गालिचा गॅलरीत नेऊन झटका.